चुकलेलं उत्तर कोणत्या प्रश्नाचं होतं?

आजचा भाग एका फोटोवर आहे. ऐकताना जमलं तर एक कोरा कागद आणि पेन जवळ ठेवा. बसमध्ये असाल, गाडी चालवत असाल, तर नुसतं ऐका. मी आकृती अशी सांगतो की ती डोळ्यांसमोर उभी राहील. आणि वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा सगळा भाग इथे लिहून दिला आहेच.

तर झालं असं. आपल्या एका श्रोत्याने रात्री पावणेबाराला एक फोटो पाठवला. बारावी झाल्यावर त्याने एक वर्ष थांबून पुन्हा सीईटीला बसायचं ठरवलंय. दिवसभर मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात काम, दुकान बंद झालं की अभ्यास. फोटो त्याच दुकानाच्या काउंटरवर काढलेला होता, कारण पुस्तकाच्या शेजारी एक उघडलेला फोन आणि बारका स्क्रू-ड्रायव्हर दिसत होता. पान थोडं वाकडं आलं होतं आणि अंगठ्याखाली प्रश्नातला एक शब्द झाकला गेला होता. त्या शब्दाकडे आपण नंतर येऊच.

फोटोखाली व्हॉइस नोट होती. तो म्हणत होता, "दादा, मी पाच छेद सात लिहिलं. माझा मित्र म्हणतो पंधरा छेद छप्पन. पुस्तकात मागे दिलंय तीन छेद सात. माझं चुकलं हे कळलं, पण का चुकलं ते कळत नाही. माझा गुणाकार तर बरोबर होता."

मला ही व्हॉइस नोट आवडली. बहुतेक जण विचारतात, उत्तर कसं काढायचं. हा विचारत होता की माझं उत्तर चुकलं कुठे. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर एका प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर होतं. फक्त तो प्रश्न त्याला विचारलेला नव्हता.

प्रश्न इंग्रजीत छापलेला होता, मी मराठीत सांगतो. पहिल्या पिशवीत ३ लाल आणि ५ पांढरे चेंडू आहेत. दुसऱ्या पिशवीत ४ लाल आणि २ पांढरे. पहिल्या पिशवीतून एक चेंडू काढून तो दुसऱ्या पिशवीत टाकला. मग दुसऱ्या पिशवीतून एक चेंडू काढला, तो लाल निघाला. तर टाकलेला चेंडू लाल असण्याची संभाव्यता किती? खाली चार पर्याय: तीन छेद आठ, पाच छेद सात, पंधरा छेद छप्पन आणि तीन छेद सात.

आता त्या अंगठ्याखालच्या शब्दाबद्दल. मी त्याला म्हटलं, अरे, तेवढी ओळ परत पाठव. दुसऱ्या फोटोत दिसलं की तो चेंडू "रंग न बघता" टाकलाय. हा शब्द नसता तर तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? फरक मोठा आहे. समजा टाकणाऱ्याने चेंडू बघितला असता आणि तो लाल आहे असं आपल्याला सांगितलं असतं, तर विचारायला काही उरलंच नसतं. आपल्याला माहीत नाही, म्हणूनच दोन शक्यता जिवंत राहतात आणि दोन फांद्या काढाव्या लागतात. म्हणून फोटो पाठवताना, आणि परीक्षेत प्रश्न वाचतानाही, हे छोटे शब्द आधी शोधा: न बघता, परत ठेवून, परत न ठेवता. आकृती कशी निघणार ते तेच ठरवतात.

चला, कागद आडवा धरा.

कागदाच्या डाव्या काठाला, उंचीच्या मधोमध, एक ठिपका द्या. तिथे अजून काहीच घडलेलं नाही. आता त्या ठिपक्यातून दोन रेषा उजवीकडे काढा, एक वर जाणारी, एक खाली जाणारी. ही पहिली पायरी, म्हणजे पहिल्या पिशवीतून काय निघालं. वरच्या रेषेच्या टोकाला लिहा "लाल टाकला", खालच्या रेषेच्या टोकाला "पांढरा टाकला". पिशवीत एकूण ८ चेंडू, त्यांतले ३ लाल. म्हणून वरच्या रेषेवर ३/८ आणि खालच्या रेषेवर ५/८.

इथे एक गोष्ट. प्रश्नाच्या शेवटी विचारलंय टाकलेल्या चेंडूबद्दल, आणि माहिती दिलीय नंतर काढलेल्या चेंडूची. त्यामुळे पुष्कळ मुलं आकृती उलटी सुरू करतात, आधी दुसऱ्या पिशवीपासून. तसं करू नका. आकृती नेहमी घडलेल्या क्रमाने काढायची. आधी टाकला, मग काढला. प्रश्न मागून विचारला तरी झाड पुढूनच वाढतं.

आता दुसरी पायरी. वरच्या टोकावर या, जिथे "लाल टाकला" लिहिलंय. तिथे उभं राहून दुसऱ्या पिशवीत डोकावून बघा. आधी ४ लाल, २ पांढरे होते, आता त्यात एक लाल आलाय. म्हणजे ५ लाल, २ पांढरे, एकूण ७. या टोकातून पुन्हा दोन रेषा काढा. "लाल निघाला" वर ५/७, "पांढरा निघाला" वर २/७.

आता खालच्या टोकावर या, "पांढरा टाकला". इथे उभं राहून त्याच पिशवीत बघितलं तर काय दिसतं? ४ लाल, ३ पांढरे, एकूण ७. म्हणून इथून निघणाऱ्या दोन रेषांवर ४/७ आणि ३/७.

झाली आकृती. डावीकडे एक ठिपका, मध्ये दोन टोकं, उजवीकडे चार टोकं. दुसऱ्या पायरीवरचे आकडे वर एक आणि खाली एक का आहेत, ते लक्षात आलं ना? पिशवी तीच आहे, पण त्या क्षणी तिच्यात काय आहे ते आधी काय घडलं यावर अवलंबून आहे. पुस्तकात याला सशर्त संभाव्यता म्हणतात. झाडावर ती वेगळी शोधावी लागत नाही. दुसऱ्या पायरीच्या रेषांवरचा प्रत्येक आकडा सशर्तच असतो, "आपण या टोकावर पोचलोय" ही त्याची अट.

आता गुणाकार. आपण सगळे पाठ करतो, फांदीवरून जाताना गुणायचं. पण का गुणायचं? एक खेळ करू. समजा हा सगळा प्रकार आपण ५६ वेळा केला. दर वेळी पिशव्या पुन्हा पहिल्यासारख्या भरायच्या. ५६ का, तर ८ गुणिले ७ म्हणजे ५६, आकडे नीट पूर्ण येतात म्हणून. खरोखर केलं तर आकडे तंतोतंत असेच येतील असं नाही, पण सरासरी हिशोब असाच असेल.

५६ वेळांपैकी तीन छेद आठ वेळा, म्हणजे २१ वेळा, लाल टाकला जाईल. उरलेल्या ३५ वेळा पांढरा. आता त्या २१ वेळांकडेच बघा. त्यांतल्या पाच छेद सात वेळा लाल निघेल. २१ चे पाच सप्तमांश म्हणजे १५. उरलेले ६ पांढरे. खाली ३५ वेळांमध्ये चार छेद सात वेळा लाल, म्हणजे २०, आणि उरलेले १५ पांढरे.

बघा, आपण नेमकं काय केलं? आधी सगळ्याचा एक भाग घेतला, मग त्या भागाचा भाग घेतला. भागाचा भाग म्हणजे गुणाकार. चुलत्याच्या शेतात आपला तिसरा हिस्सा आणि त्या हिश्श्यात भावाचा अर्धा, तर भावाकडे एकूण शेताचा सहावा भाग येतो ना, तसंच हे. म्हणून फांदीवरून जाताना ३/८ गुणिले ५/७, बरोबर १५/५६.

आता उजवीकडच्या चार टोकांवर हे लिहून टाका. वरून खाली: १५, ६, २०, १५, सगळ्यांच्या खाली छेद ५६. आणि एक काम कराच. चारही मिळवा. १५ आणि ६ एकवीस, २० एकेचाळीस, १५ छप्पन. छप्पन छेद छप्पन, म्हणजे एक. एक आलं म्हणजे सगळ्या शक्यता मोजून झाल्या, कुठली सांडली नाही की दोनदा आली नाही.

लाल चेंडू निघण्याची एकूण संभाव्यता हवी असेल तर कोणती टोकं घ्यायची? जिथे जिथे शेवटी "लाल निघाला" आहे ती. अशी दोनच आहेत, पहिलं आणि तिसरं. १५ आणि २०, म्हणजे ३५ छेद ५६, म्हणजे ५/८. एका वाटेवर गुणायचं आणि वेगवेगळ्या वाटांची टोकं मिळवायची. दोन्ही वाटा एकाच वेळी घडू शकत नाहीत, म्हणूनच मिळवता येतात.

आता मूळ प्रश्नावर या. तो म्हणतो, लाल निघालाच आहे. म्हणजे ज्या ज्या वेळी पांढरा निघाला ते सगळे आता बाजूला. झाडाची दोन टोकं छाटून टाका, ६ वालं आणि खालचं १५ वालं. उरल्या ३५ वेळा. आता आपलं सगळं जग ५६ चं राहिलं नाही, ते ३५ चं झालं. या ३५ पैकी किती वेळा लाल टाकला गेला होता? १५ वेळा. पंधरा छेद पस्तीस, म्हणजे ३/७. पुस्तकाचं उत्तर आलं.

आता खरा मुद्दा. ते चार पर्याय पुन्हा बघा. प्रत्येक पर्याय एका प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे.

पाच छेद सात, म्हणजे आपल्या मित्राचं उत्तर. ते झाडावर कुठे लिहिलंय? "लाल टाकला" या टोकातून "लाल निघाला" कडे जाणाऱ्या रेषेवर. म्हणजे ते या प्रश्नाचं उत्तर आहे: लाल टाकला हे माहीत असेल तर लाल निघण्याची संभाव्यता किती? त्याने "तर" च्या दोन बाजू बदलून टाकल्या. लाल टाकला असेल तर लाल निघेल, हे एक. लाल निघाला असेल तर लाल टाकला होता, हे वेगळं. मराठीत तरी हे चटकन कळतं. पाऊस आला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे म्हणून पाऊसच आला असं नाही, टँकरही गळत गेला असेल. आपल्या झाडात तो टँकर म्हणजे खालची फांदी. पांढरा टाकूनही लाल निघू शकतो, आणि तसं २० वेळा होतंय. पाच छेद सात म्हणणाऱ्याने खालच्या फांदीकडे पाहिलंच नाही.

पंधरा छेद छप्पन, म्हणजे त्याच्या मित्राचं उत्तर. ते सगळ्यात वरच्या टोकावर लिहिलंय. प्रश्न असता, लाल टाकला आणि लाल निघाला असं दोन्ही घडण्याची संभाव्यता किती, तर हे बरोबर होतं. इथे शब्द आहे "आणि". आपल्या प्रश्नात काढलेला चेंडू लाल आहे हे आधीच सांगितलंय. त्यामुळे खाली ५६ राहू शकत नाही, छाटणी करावीच लागते.

आणि तीन छेद आठ? ते पहिल्याच रेषेवर आहे. लाल टाकला असण्याची संभाव्यता, तेही दुसऱ्या चेंडूबद्दल काहीच माहीत नसताना.

म्हणजे पर्याय देणाऱ्याने मुलांच्या चुका नीट ओळखून ते ठेवले आहेत. एमसीक्यूमध्ये आपलं उत्तर पर्यायांत सापडलं की आपल्याला हायसं वाटतं. या प्रकारच्या प्रश्नात तसं वाटून घेऊ नका. चुकीचं उत्तरही तिथे छापलेलं असतंच.

मग पेपरमध्ये कुणी सांगायला नसताना कसं ओळखायचं? दोन खुणा सांगतो.

पहिली, आकडा कुठून आला ते बोटाने दाखवा. "लाल निघाला, तर आधी लाल टाकला होता का" असा प्रश्न उलटा असेल, तर उत्तर कोणत्याही एका रेषेवरून थेट उचलता येत नाही. ते दोन टोकांच्या बेरजेने भागूनच येतं. बोट एखाद्या रेषेवर थांबत असेल, तर समजा की आपण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

दुसरी खूण जरा बारीक आहे, पण कामाची. लाल निघणं ही बातमी लाल टाकल्याच्या बाजूने जाते, कारण लाल टाकला की पिशवीत लाल एकाने वाढतात. म्हणून उत्तर सुरुवातीच्या ३/८ पेक्षा थोडं जास्त यायलाच हवं. ३/८ म्हणजे शंभरात साडेसदतीस, ३/७ म्हणजे साधारण त्रेचाळीस. वाढलं, पण थोडंच, कारण एका चेंडूने पिशवी फार बदलत नाही. पाच छेद सात म्हणजे शंभरात एकाहत्तर! एका लाल चेंडूने एवढी खात्री पटणार नाही. आणि पंधरा छेद छप्पन म्हणजे शंभरात सत्तावीसच्या आत, म्हणजे पुरावा बाजूने असून शक्यता कमी झाली. हेही पटत नाही.

याच खुणेने आणखी एक चूक सापडते, जी बेरजेने सापडत नाही. समजा कुणी विसरलं की चेंडू टाकल्यावर दुसरी पिशवी सातची झाली, आणि दोन्ही फांद्यांवर जुनेच आकडे लिहिले, ४/६ आणि २/६. प्रत्येक टोकातून निघालेल्या रेषांची बेरीज एक येते. चार टोकांचीही एक येते. सगळं नीट दिसतं. पण उत्तर काय येईल? पुन्हा ३/८, जसंच्या तसं. म्हणजे लाल चेंडूची बातमी मिळूनही काहीच बदललं नाही. असं झालं की थांबा. उत्तर सुरुवातीच्या संभाव्यतेइतकंच आलं, तर एक तर दोन घटनांचा एकमेकांशी खरोखर संबंध नाही, नाही तर आपण पिशवीत चेंडू टाकायला विसरलोय. इथे संबंध आहे, कारण आपणच तो टाकलाय.

या उलट्या प्रश्नाच्या पद्धतीला पुस्तकात बेजचं प्रमेय म्हणतात. थॉमस बेज हे इंग्लंडमधले पाद्री. १७६१ मध्ये ते वारले आणि त्यांचा यावरचा निबंध १७६३ मध्ये रिचर्ड प्राइस या त्यांच्या मित्राने प्रसिद्ध करवला. प्रमेयाचं सूत्र लांबलचक दिसतं, पण त्यात आहे तेच जे आत्ता आपण केलं. वर हव्या त्या वाटेचा गुणाकार, खाली छाटणीनंतर उरलेल्या सगळ्या वाटांची बेरीज. सूत्र विसरलात तर झाड काढा. दोन पायऱ्यांचे, दोन-दोन फांद्यांचे प्रश्न झाडाने दोन मिनिटांत होतात. तीन पायऱ्या झाल्या की टोकं आठ होतात, चार झाल्या की सोळा. तिथे झाड कागदावर मावत नाही, आणि मग सूत्राचा खरा उपयोग होतो.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. आकृती तीच ठेवा. दुसऱ्या पिशवीतून लालच्या ऐवजी पांढरा निघाला, तर टाकलेला चेंडू लाल असण्याची संभाव्यता किती? या वेळी दुसरी दोन टोकं छाटायची आहेत. उत्तर ३/८ पेक्षा कमी यायला हवं, बरोबर? कारण पांढरा निघणं लालच्या विरोधात जातं. टोकांवर ६ आणि १५ उरतात. सहा छेद एकवीस, म्हणजे २/७. शंभरात सुमारे साडेअठ्ठावीस. पटतंय ना?

हे सगळं मी त्या श्रोत्याला व्हॉइस नोटमधून सांगितलं, चांगल्या नऊ मिनिटांच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पुन्हा फोटो पाठवला. कुठल्या तरी फोनच्या खोक्याच्या पाठीमागे त्याने झाड काढलं होतं. चारही टोकांवर आकडे, दोन टोकांवर मोठी फुली. आणि बाजूला लिहिलं होतं, "माझं ५/७ वरच्या दुसऱ्या रेषेवर सापडलं." उत्तर त्याने लिहिलंच नव्हतं. ते लिहायची गरजही नव्हती.

तुमच्याकडे असा अडलेला प्रश्न असेल तर फोटो पाठवा. फक्त अंगठा जरा बाजूला ठेवा, आणि तुम्ही काढलेलं चुकलेलं उत्तरही सोबत लिहा. मला ते बरोबर उत्तरापेक्षा जास्त उपयोगी पडतं. भेटू पुढच्या भागात.